चार्टवरचा पंधरावा चौकोन

गेल्या वर्षीच्या गणपतीतली कॅरमची फायनल अजून माझ्या डोक्यातून जात नाही. रविवारी यंदाच्या स्पर्धेची मीटिंग आहे, त्याआधी जे वाटतं ते सविस्तर लिहितो. कॉलनीतल्या सगळ्यांनी वाचावं, आणि इंदूरबाहेरच्या ज्या मंडळांत अशा स्पर्धा होतात त्यांनीही.

आमच्याकडे आधी साधा नॉकआउट असायचा. एक गेम हरलात की बाहेर. संध्याकाळी ऑफिसातून धावतपळत आलेला माणूस पहिल्याच गेममध्ये हात बसायच्या आत घरी. म्हणून गेल्या वर्षी ठरलं की डबल एलिमिनेशन खेळायचं. नियम बोर्डावर एका ओळीत लिहिला होता: दोनदा हराल तेव्हाच बाहेर. खेळाडू 8, एक सामना म्हणजे एक गेम, 25 पॉइंट किंवा 8 बोर्ड, जे आधी होईल ते. चार्ट मी काढला होता आणि निकालही मीच भरत होतो, त्यामुळे पुढे जे झालं त्यात माझाही वाटा आहे.

ज्यांनी हा प्रकार पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. चार्टच्या वरच्या भागात न हरलेले खेळाडू असतात, खालच्या भागात एकदा हरलेले. वर हरलात की खाली येता, खाली हरलात की घरी. पहिल्या फेरीत 4 गेम, चौघं खाली. ते आपसात खेळतात, दोघं उरतात. तोवर वरच्या दुसऱ्या फेरीतून आणखी दोघं खाली येतात आणि या दोघांशी भिडतात. इथे एक काळजी घ्यावी लागते: वरून येणाऱ्याला चार्टच्या दुसऱ्या बाजूला टाकायचं, नाहीतर नुकत्याच खेळलेल्या दोघांचीच पुन्हा गाठ पडते. असं करत करत शेवटी वर एक जण उरतो, एकदाही न हरलेला, आणि खाली एक जण, एकदा हरलेला. त्या दोघांची फायनल.

आमच्याकडे वरून आल्या समोरच्या बिल्डिंगमधल्या वहिनी. तीन गेम, तीन विजय. दुसऱ्या फेरीत त्यांनी आमच्याच गल्लीतल्या इंजिनिअरिंगच्या मुलाला हरवलं होतं, आणि मग वरच्या शेवटच्या गेममध्ये बँकेतून रिटायर झालेल्या काकांना. तो मुलगा खाली गेला आणि खालून ओळीने तीन गेम जिंकत वर आला. त्यातला शेवटचा गेम त्या काकांशीच होता. मुलगा सुंदर खेळला, त्याच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही.

फायनल अनंत चतुर्दशीच्या दुपारी होती. सात बोर्ड झाले तेव्हा वहिनी 18–15 ने पुढे होत्या. आठव्या बोर्डात मुलाने राणी घेतली, कव्हर केली आणि वहिनींच्या 3 सोंगट्या बोर्डावर असताना आपल्या संपवल्या. सोंगट्यांचे 3, राणीचे 3. 21–18, गेम मुलाचा. टाळ्या झाल्या, कोणीतरी ढोलही वाजवला आणि कार्यकर्त्यांनी ट्रॉफी मुलाच्या हातात दिली. वहिनी हसून त्याला शाबास म्हणाल्या आणि आरतीच्या तयारीला गेल्या.

मी चार्टसमोर पेन घेऊन उभा होतो. वहिनींच्या नावापुढे एक हार, मुलाच्या नावापुढेही एक हार. तो वहिनींशी हरला होता, वहिनी त्याच्याशी हरल्या होत्या. बाकी कोणीच दोघांपैकी कोणाला हरवलं नव्हतं. बोर्डावर नियम तसाच होता: दोनदा हराल तेव्हाच बाहेर. उरलेल्या सहा जणांना आम्ही दोन-दोन हारींनंतरच बाहेर काढलं. वहिनींना मात्र एका हारीवर.

डबल एलिमिनेशनमध्ये या जागी काय करायचं ते ठरलेलं आहे. खालून आलेला खेळाडू फायनलचा पहिला गेम जिंकला की दोघांची एक-एक हार होते, म्हणून आणखी एक गेम लगेच खेळवतात. त्याला ब्रॅकेट रीसेट म्हणतात. तो गेम जो हरेल त्याची दुसरी हार, तो उपविजेता. पण वरून आलेल्याने पहिलाच गेम जिंकला तर स्पर्धा तिथेच संपते, कारण खालच्याची दुसरी हार झालेली असते. म्हणजे वरच्याने एकदा जिंकायचं आणि खालच्याने दोनदा. लोकांना हे एकतर्फी वाटतं. मला स्वतःलाही पहिल्यांदा ऐकताना वाटलं होतं. पण खालच्याने आपली सूट आधीच वापरलेली असते. वरच्याची सूट अजून शिल्लक असते, आणि ती फायनलला आल्याबरोबर काढून घ्यायला कुठलाच नियम सांगत नाही.

याचा पडताळा कोणीही बोटांवर करू शकतो. प्रत्येक गेममध्ये बरोबर एक हार तयार होते. 8 खेळाडूंपैकी 7 जण बाहेर जायचे, प्रत्येकाच्या 2 हारी, म्हणजे 14. विजेता एकदाही हरला नसेल तर एकूण गेम 14, एकदा हरला असेल तर 15. आमच्याकडे विजेता एकदा हरलेला होता आणि गेम 14 झाले होते. म्हणजे कोणाच्या तरी खात्यात एक हार कमी पडली, आणि पूर्ण न हरताच तो माणूस बाहेर गेला. तो माणूस नेहमी फायनलमधला न हरलेलाच असतो. 16 खेळाडू असतील तर हेच आकडे 30 आणि 31. कुठल्याही स्पर्धेचा चार्ट हातात आला की गेम मोजा. विजेत्याच्या नावावर एक हार असेल आणि गेमची संख्या सम असेल, तर रीसेट खेळवलेला नाही.

मी त्या दिवशी बोललो होतो, पण हळू आवाजात. उत्तर आलं, “अरे, पाच वाजता विसर्जन, रात्री झांक्या बघायला जायचंय, आता कुठे आणखी एक गेम?” इंदूरमध्ये चतुर्दशीच्या रात्री मिलांच्या झांक्या, म्हणजे सजवलेले चित्ररथ, निघतात तेव्हा कोणाला घरी थांबवून दाखवा. ही अडचण खरी होती. पण ती वहिनींनी आणलेली नव्हती. वेळापत्रक लिहिताना मी 14 गेम धरले होते. तिथे 15 लिहायला हवे होते, आणि फायनल चतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी ठेवायला हवी होती. दोघं तोडीस तोड असतील तर पंधराव्या गेमची शक्यता अर्धी-अर्धी असते. इतक्या मोठ्या शक्यतेला अचानक आलेली अडचण म्हणता येत नाही.

दुसरं उत्तर जास्त विचार करण्यासारखं होतं. एक दादा म्हणाले, फायनल ती फायनल, त्या क्षणी जो डोकं शांत ठेवेल तो जिंकेल, मोठ्या स्पर्धांतही असंच असतं. हे पूर्ण चुकीचं नाही. आयपीएलचे प्लेऑफ बघा. 2017 मध्ये पुण्याने मुंबईला साखळीत दोनदा हरवलं, मग पहिल्या क्वालिफायरमध्येही हरवलं. मुंबई दुसऱ्या क्वालिफायरमधून परत आली आणि फायनल 1 धावेने जिंकली. प्लेऑफपुरतं बघितलं तर दोघांचीही एक-एक हार, पण कप मुंबईला. मला तेव्हाही पुण्यासाठी वाईट वाटलं होतं. पण तिथे फसवणूक नव्हती, कारण पहिल्या दोन संघांना फायनलच्या आधी एक जास्तीची संधी आणि फायनल एकच, हे सगळ्यांना आधीपासून माहीत होतं. एलिमिनेटर खेळणारे संघ तर एकाच हारीवर घरी जातात. दोन हारी म्हणजे बाहेर, असं तिथे कोणी बोर्डावर लिहिलेलं नसतं.

डोटा या कॉम्प्युटर गेमची द इंटरनॅशनल स्पर्धाही अशीच. वरचा आणि खालचा असे दोन भाग असतात, पण फायनल एकच, पाचपैकी तीनची, वरून आलेल्याला कसलीही आघाडी नाही. 2017 मध्ये न्यूबी ही टीम वरून आली, लिक्विड ही टीम खालून आली, आणि लिक्विडने ती 3–0 ने जिंकली. तिथे निदान फायनल लांब असते आणि नियम आधी छापलेला असतो. आमची फायनल एका गेमची होती, एका राणीवर फिरली.

किती फरक पडतो ते आकड्यात सांगतो. दोघं अगदी सारखे असतील तर एकाच गेमच्या फायनलमध्ये वरच्याची शक्यता 50 टक्के, म्हणजे तीन गेम न हरता जिंकल्याचं मोल शून्य. रीसेट असेल तर खालच्याला सलग दोनदा जिंकावं लागतं, त्याची शक्यता 25 टक्के, वरच्याची 75. आणि समजा खालून आलेलाच सरस आहे, प्रत्येक गेममध्ये त्याची शक्यता 60 टक्के. तरी दोन्ही जिंकण्याची 36 टक्केच. इथे कोणी म्हणेल, मग चांगला खेळाडू हरतो की. हो, कधी कधी हरेल. दोघांतला सरस कोण हे शोधायचं असेल तर दोघांना सातपैकी चार खेळवा. रीसेट त्यासाठी नाहीच. आठही जणांना दोन हारींचा जो शब्द दिला होता तो आठही जणांना सारखा पाळण्यासाठी तो आहे.

आणि ज्यांना “फायनल झाली, परत फायनल कशी” हे प्रेक्षकांना समजावणं कठीण वाटतं, त्यांच्यासाठी सोपा मार्ग आहे. फायनल तीनपैकी दोनची जाहीर करा आणि वरून आलेल्याला 1–0 ने पुढे धरा. हिशोब अगदी तोच आहे: एकाला एक जिंकायचा, दुसऱ्याला दोन. फक्त पहिल्या गेमनंतर कोणी ढोल वाजवणार नाही, कारण स्कोअरबोर्डवर 1–1 दिसेल. पाचपैकी तीन करून एकाची आघाडी दिली तर मात्र आघाडी पातळ होते, सारख्या खेळाडूंत वरच्याची शक्यता 75 वरून 69 टक्क्यांच्या आसपास येते. तेही चालेल, आधी सांगितलं तर.

रविवारच्या मीटिंगला मी नवा चार्ट घेऊन येतोय. चौदाव्या चौकोनापुढे तुटक रेघेने पंधरावा काढलाय, वर लिहिलंय “लागला तर”. त्यात नव्याने टॉस, स्कोअर शून्यापासून, मध्ये दहा मिनिटं चहाला. फायनल चतुर्दशीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी सातला, आणि दोन गेम पुरतील एवढा वेळ हातात. कमिटीला हे नको असेल तर एकच गेमची फायनल ठेवा, मी भांडणार नाही. पण मग बोर्डावरची ओळ बदलून लिहा: फायनलमध्ये एक हार म्हणजे बाहेर. आणि ती पहिल्या गेमच्या आधी लिहा, वहिनींना वाचता येईल अशी. त्यांनी यंदाही नाव दिलंय.