खर्च नसलेल्या काकू

दीडशे रुपये. माझ्याच भाषणानंतरच्या इडलीचे दीडशे रुपये खजिनदार बाईंनी माझ्याकडून घेतले, पावतीही दिली. पावतीवर ‘पाहुणे’ असं लिहिलं आहे. पैठणीचे खेळ घेणाऱ्या निवेदकाला मात्र तीन हजारांचं पाकीट दिलं, इडली फुकट आणि वर घरी न्यायला चटणी. मी अकाउंट्सचं काम करते, त्यामुळे असे आकडे माझ्या डोक्यातून लवकर जात नाहीत. लेख लिहायला बसले आहे ते त्यामुळेच, हे आधीच सांगून टाकते.

डोंबिवलीतल्या आमच्या महिला मंडळाचं हळदीकुंकू, रथसप्तमीचा रविवार, विषय ‘घरखर्चाचं साधं अंदाजपत्रक कसं सुरू करावं’. अध्यक्षबाईंनी चाळीस मिनिटं कबूल केली होती. माइक हातात देताना त्या कानात म्हणाल्या, “ताई, दहा मिनिटांत आटपा हं, उखाणे राहिलेत.”

म्हणून मी थेट वहीवर आले. पहिला महिना फक्त लिहायचं, काटछाट करायची नाही, असं सांगितलं. पहिल्याच दिवशी बचतीला लागणारी बाई आठवड्याभरात एखादा वडापाव लपवते आणि मग वहीच बंद पडते, हे मी माझ्या ऑफिसात आणि नात्यात पुष्कळदा पाहिलं आहे. महिना एक तारखेला सुरू करू नका, घरात पैसे ज्या दिवशी येतात त्या दिवशी सुरू करा. पाच-सहा रकाने पुरे. आठवड्यातून एकदा शिल्लक मोजा: आधीचे पैसे अधिक आलेले, वजा लिहिलेले, म्हणजे हातात काय उरायला हवं ते कळतं. पर्स आणि फोनमधलं खातं, दोन्ही मोजायचं. चाळीस रुपये जुळले नाहीत तर ‘पत्ता नाही’ असं लिहून पुढे जायचं. त्या चाळीस रुपयांमागे रात्री बारापर्यंत बसलेली बाई पुन्हा वहीला हात लावत नाही. हजारांचा घोळ असेल तर मात्र शोधायचा, कारण तेव्हा बहुधा बँकेतून आपोआप कापला जाणारा एखादा हप्ता निघतो.

एवढ्यावर सगळ्या माना डोलावत होत्या. मग पहिल्या रांगेतून काकू उठल्या.

“पण ज्यांचा खर्चच नाही त्यांनी काय लिहायचं?”

काकू तिसऱ्या मजल्यावरच्या. जरीकाठाची साडी, मांडीवर वाणाच्या तीन डब्या. काका त्यांना दर महिन्याला बावीस हजार घरखर्चाला देतात, हे त्यांनीच सगळ्या हॉलला अभिमानाने सांगितलं. आणि खर्च शून्य.

“काकू, दूध?”

“दूध काय खर्चात धरायचं? ते तर लागतंच.”

“रोज किती?”

“दीड लिटर. साठ रुपयांनी.”

म्हणजे नव्वद रुपये रोज, महिन्याचे सत्तावीसशे. हे मी मोठ्याने म्हणाले. काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच ते दूध पिऊन टाकलं होतं.

“सिलिंडर?”

“तो काय दर महिन्याला संपतो का?”

“गेल्या महिन्याची ही साडी?”

“ही? सेलमधली. यात माझे आठशे वाचले.”

पंधराशेची साडी काकूंच्या हिशोबात आठशे रुपयांची कमाई होती. लागतं ते खर्चात नाही, कधीतरी लागतं तेही नाही, स्वस्तात मिळालं ते तर उलट मिळकत. मग बावीस हजार जातात कुठे, असं विचारलं. काकू शांतपणे म्हणाल्या, “तेच तर विचारायला आले मी.”

हॉल हसला. मीही हसले, पण मला त्या आवडायलाही लागल्या होत्या, कारण इतका खरा प्रश्न मला आजवर कोणी विचारला नव्हता. माझ्या ऑफिसात येणारे दुकानदारही साधारण हेच बोलतात, फक्त जीएसटीच्या भाषेत.

मी म्हटलं, काकू, महिन्याचं सोडा. वर्षात कधीतरी येणारे खर्च सांगा. हेच माझ्या भाषणातलं मुख्य होतं, पण उखाण्यांमुळे मागे पडलं होतं. किराणा आणि भाजी घर बुडवत नाहीत, त्यांचा अंदाज प्रत्येकीला असतो. घर बुडतं ते वर्षातून एकदा येणाऱ्या खर्चांनी. ते आले की आपण ‘या महिन्यात अचानक’ म्हणतो. गणपती भाद्रपदातच येतात आणि विम्याचा हप्ता ठरलेल्या तारखेलाच भरायचा असतो. यात अचानक काय आहे?

काकूंनी बोटं मोजायला सुरुवात केली. विमा मार्चमध्ये, अठरा हजार. गणपती सात हजार, “आमच्याकडे दीड दिवसाचाच असतो”. दिवाळी, कामवालीच्या बोनससकट, सोळा हजार. वर्षाचा गहू, तांदूळ आणि मसाल्याची मिरची, तेरा हजार. बेरीज चोपन्न हजार. बाराने भागले, साडेचार हजार.

“म्हणजे काकू, तुमच्या बावीस हजारांतले साडेचार हजार तुमचे नाहीतच. ते गणपतीचे आणि मिरचीचे आहेत. पैसे आले की पहिल्या दिवशी वेगळ्या खात्यात टाकायचे आणि साडेसतरात महिना बसवायचा.”

“आणि मी ते खाल्ले की काय?”

“खाल्ले नाहीत. दहा महिने बावीस हजारांत राहिलात आणि मार्चला काकांपुढे हात पसरलात.”

हे मी जरा जोरात बोलले. हॉल थोडा गप्प झाला. पण काकू अडल्या त्या हात पसरण्यावर नाही, त्यांना मधेच काहीतरी आठवलं. “अगं बाई! यंदा अधिक आहे!”

हॉलमध्ये खरीखुरी खळबळ उडाली. १७ मे २०२६ ला अधिक ज्येष्ठ लागतो. काकूंना दोन जावई. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते: अधिक महिन्यात मुलीला आणि जावयाला जेवायला बोलवायचं, धोंडे करायचे, जावयाला तेहेतीस अनारशांचं वाण द्यायचं आणि त्यासोबत चांदीचं निरांजन किंवा ताट, जशी ऐपत आणि जशी विहीण. अनारसे हा प्रकार मला स्वतःला कधीच जमलेला नाही. तांदूळ तीन दिवस भिजवून, रोज पाणी बदलून, गूळ घालून, पीठ आठवडाभर मुरवून शेवटी तळणीत पडल्यावर तो विरघळतोच. हल्ली आमच्याकडे बायका विकतच आणतात. पण ते असो.

“दोघांचे मिळून किती?”

“सोळा हजार तरी. बघ, हा खर्च अचानक की नाही?”

अचानक? अधिक महिना पंचांगाच्या गणितात कित्येक वर्षं आधी ठरलेला असतो. चंद्राची बारा महिन्यांची फेरी सूर्याच्या वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान, म्हणून साधारण साडेबत्तीस महिन्यांनी एक महिना वाढवतात. मागचा अधिक श्रावण २०२३ मध्ये, १६ ऑगस्टला संपला. तिथून या मेपर्यंत तेहेतीस महिने. सोळा हजार भागिले तेहेतीस, महिन्याला चारशे पंच्याऐंशी. तेव्हापासून डब्यात टाकले असते तर काकूंना आत्ता घाम फुटला नसता. जानेवारी संपत आला होता. आता चार महिन्यांत जमवायचे म्हणजे महिन्याला चार हजार, आणि त्यात मार्चचा विमा आडवा येतो.

काकू खाली बसल्या. मग हळूच म्हणाल्या, “माझ्याकडे भिशीचे आहेत की. तिसऱ्या नंबरला लागली. चोवीस हजार मिळाले.”

इथे मी थांबायला हवं होतं असं नंतर अध्यक्षबाईंचं मत पडलं. माझं नाही. बारा जणी, दोन-दोन हजार, मंडळाचीच भिशी. तिसऱ्या महिन्यात काकूंनी भरलेले होते सहा हजार. बाकीचे अठरा हजार इतर बायकांचे, म्हणजे बिनव्याजी उसने, आणि ते फेडायला पुढचे नऊ महिने दोन-दोन हजार. मिळकत म्हणून वहीत लिहायची असेल तर ती शून्य. उलट जिचा नंबर शेवटी, तिने वर्षभर सगळ्यांना पैसे वापरायला दिले आणि शेवटी आपलेच परत घेतले. भिशी वाईट नाही, ज्या बाईच्या हातात पैसा टिकत नाही तिला ती टिकवून देते. पण तिचे पैसे लागले की लॉटरी लागली असं समजून सोनाराकडे जाऊ नये, एवढंच.

“मग माझा बारावा नंबर आहे तो...” अशी मागून कोणीतरी सुरुवात केली आणि माझ्या हातातला माइक गेला. “ताईंनी फारच छान माहिती दिली, आता उखाणे!” मला वाण म्हणून प्लास्टिकचा डबा मिळाला, झाकण घट्ट न बसणारा.

एक मात्र राहिलं आणि ते मला त्या डब्यापेक्षा जास्त खुपतंय. अंदाजपत्रकाचं भाषण नेहमी बायकांनाच का? खाली पार्किंगमध्ये काका मंडळी कॅरम खेळत होती. घरात येतात साठ-सत्तर हजार, बाईच्या हातात बावीस. गाडीचा हप्ता, काकांचा नवा फोन, मित्राला दिलेले उसने, हे कुठल्याच वहीत नाही. बावीस हजारांत दुधाचा हिशोब दोन दशांशांपर्यंत आणि उरलेल्या रकमेबद्दल ‘ते यांनाच माहीत’. अर्ध्याहून जास्त पानं बंद असलेल्या वहीचं अंदाजपत्रक कसं करायचं, ते मला चाळीस मिनिटं मिळाली असती तरी सांगता आलं नसतं. दोघांनी महिन्यातून एकदा एकाच कागदावर लिहावं असं मी ठरवून गेले होते बोलायला. त्या कागदाला हॉलमध्ये कोण येणार होतं?

रात्री काकूंचा फोन आला. आवाज दबका.

“अगं, यंदाचं मी भिशीतून बघते. पण पुढचा अधिक कधी गं?”

“२०२९ ला, काकू.”

“म्हणजे पुन्हा तेहेतीस महिने. जून संपला की चारशे पंच्याऐंशी टाकत जाते डब्यात.”

“छान! वहीतही लिहा.”

“वहीत नको. ही वही यांच्या हाताला लागते. त्यांना कळलं की माझे चारशे पंच्याऐंशी उरतात, तर पुढल्या महिन्यापासून तेवढेच कमी देतील.”