नमस्कार काकू, आम्ही तीनशे दोनवाले

भाचा तेरा वर्षांचा. पुण्यात भाड्याच्या नव्या घरी सामान हलवायचं ठरलं तेव्हा टेम्पो, हमाल आणि सोसायटीची परवानगी या गोष्टी आईवडिलांच्या वाट्याला आल्या. शेजाऱ्यांशी ओळख काढणं त्याच्यावर सोपवलं. मी मामा, म्हणजे फुकटचा तालीममास्तर.

पहिली अडचण आरशाची. तो चादरीत गुंडाळून केव्हाच बांधला होता, म्हणून सराव फ्रिजच्या दारासमोर झाला. वाक्य ठरलं, "नमस्कार काकू, आम्ही तीनशे दोनमध्ये राहायला आलोय." एवढंच. त्याला शाळेचं नाव आणि इयत्ताही जोडायची होती, पण ती माहिती न विचारता सांगितली की पुढच्याला विचारायला काही उरत नाही आणि दोघंही गप्प उभे राहतात.

मग उभं कुठे राहायचं. बेल वाजवून मुलं दाराला नाक लावतात. आतलं लाकडी दार आत उघडतं, पण बाहेरचं जाळीचं बाहेर उघडतं आणि नेमकं कपाळाला भेटतं. म्हणून तीन फूट मागे, पण दाराच्या भिंगासमोर. बाजूला उभं राहिलं की आतून कोणीच दिसत नाही आणि दार उघडत नाही. शिवाय दुपारी एक ते चार बेल वाजवायची नाही. पुण्यात हे वेगळं सांगावं लागू नये, पण टेम्पो हमखास दीडलाच येतो.

खरा घोळ 'काकू' या शब्दात आहे. पस्तिशीच्या बाईंना काकू म्हटलं तर चेहरा पडतो, ताई म्हटलं तर पोरगा आगाऊ ठरतो. माझा सल्ला होता: शंका आली की वयाची एक पायरी खाली उतर.

टेम्पो दीडला आला. सामान वर जाईपर्यंत साडेचार झाले. भाच्याच्या हातात पलंगाच्या नटबोल्टांची बादली होती. (नटबोल्ट पिशवीत घालून पलंगालाच चिकटवायचे असतात, हे मी आदल्या दिवशी सांगितलं होतं.) बेल वाजली. दार आजींनी उघडलं.

"नमस्कार काकू!"

आजी खुलल्या. मागून आलेल्या सुनेला त्याने हिशेबाने 'ताई' केलं. तिने आत जाऊन चहाचं आधण ठेवलं. एवढ्यात आजोबा आले. त्यांना दादा म्हणायची हिंमत झाली नाही म्हणून तो थेट पाया पडायला वाकला. बादली हातातच होती. बोल्ट घरंगळत थेट त्यांच्या दिवाणाखाली गेले.

सगळ्यांनी मिळून वेचले. रात्री पलंग जोडताना दोन कमी भरले. दहा वाजले होते, समोरचा दिवा मालवलेला. भाचा फ्रिजसमोर उभा राहून नवं वाक्य जुळवत होता.