ॲप डिलीट केलं तरी पैसे कापले जातात? मग हे वाचा

"ॲप डिलीट करा, सबस्क्रिप्शन आपोआप बंद. तरीही पैसे कापले तर कार्ड ब्लॉक करा. १५ हजारांच्या आत ओटीपी लागत नाही, बँक काहीच करू शकत नाही!"

असा एक फॉरवर्ड फिरतोय, त्याचं पहिलंच वाक्य चुकलंय. आमची वहिनी घणसोलीची, तिने एका व्यायामाच्या ॲपवर २ रुपयांत ७ दिवसांची ट्रायल घेतली, तिसऱ्या दिवशी ॲप उडवलं आणि विसरून गेली. महिन्याभराने स्टेटमेंटमध्ये ५९९. ॲप फोनमधून गेलं, पण २ रुपये भरताना कार्डवर जो मॅन्डेट, म्हणजे पुढचे पैसे आपोआप कापायची परवानगी, दिला होता तो बँकेकडे तसाच जिवंत होता ना.

ओटीपीचं अर्धं खरं. २०२२ पासून १५ हजारांपर्यंतच्या हप्त्याला दर वेळी ओटीपी लागत नाही, पण मॅन्डेट सुरू करताना लागतोच, आणि पैसे कापायच्या किमान २४ तास आधी कळवायचं असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. त्या मेसेजमध्ये कंपनीचं नाव, रक्कम, तारीख असते आणि तो एक हप्ता किंवा अख्खा मॅन्डेट नाकारायची सोय पण. वहिनीला मेसेज आला होता, लोनच्या ऑफरींखाली दबलेला सापडला! (मेसेजमधल्या लिंकवर मात्र टॅप करू नका, बनावट पण फिरतात, बँकेचं ॲप स्वतः उघडा.)

म्हणजे बँकेकडे उपाय आहे. आम्ही नेटबँकिंगमध्ये कार्डच्या ई-मॅन्डेटची यादी काढली तर दोन निघाले, दुसरा कुठल्यातरी फोटो ॲपचा, जो तिला आठवतच नव्हता. दोन्ही रद्द केले, ओटीपी टाकून, पाच मिनिटांचं काम. यूपीआयवरून घेतलं असेल तर यूपीआय ॲपच्या ऑटोपे विभागात बघा, आणि प्ले स्टोअरमधून घेतलं असेल तर तिथल्या Subscriptions मध्ये. पण आधी कंपनीच्या अकाउंटमध्ये जाऊन प्लॅन कॅन्सल करा आणि मग मॅन्डेट काढा, नुसता मॅन्डेट काढला तर त्यांच्याकडे प्लॅन चालूच दिसू शकतो, मग "पेमेंट फेल" च्या मेलचा मारा. ५९९ मात्र मॅन्डेट रद्द केल्याने परत येत नाहीत, त्यासाठी कंपनीकडेच रिफंड मागायचा.

कार्ड ब्लॉक करायचा सल्ला तर उंदरासाठी घर जाळण्यातला. त्याच कार्डवर विजेचं बिल, विम्याचा हप्ता लावला असेल तर तोही अडकतो, आणि सबस्क्रिप्शन यूपीआयवर असेल तर त्याला कार्डाशी काही देणंघेणंच नाही.

आणि एक, या फॉरवर्डमध्ये नाही पण कामाचं. रक्कम बदलती असेल तर मॅन्डेट देताना स्क्रीनवर कमाल मर्यादा असते, आपण घाईत बघत नाही. प्लॅन १९९ चा आणि मर्यादा ५ हजारांची असेल तर उद्या भाव ४९९ झाला तरी तुमचा ओटीपी कोणी मागणार नाही, फक्त तो २४ तास आधीचा मेसेज येईल. वहिनीने आता बँकेचे मेसेज पिन करून ठेवलेत.