परशा पार्वती होतो

आमच्या सोसायटीत महिन्यातून एकदा गच्चीवर सिनेमा दाखवतात आणि त्याआधी लिफ्टशेजारच्या फळ्यावर त्याचं कथासार लावतात. सार कोणीही लिहावं, तपासायचं मात्र मी. कारण एके काळी मी मुद्रितशोधन करायचो आणि ही गोष्ट एका बेसावध क्षणी सेक्रेटरींसमोर बोलून गेलो. ऱ्हस्व-दीर्घाचं काही नाही, ते झोपेतही दिसतं. छळतो तो काळ.

आजीच्या गोष्टीतला राजा 'होता' असतो आणि शेवटपर्यंत 'होता'च राहतो. त्याला कोणाची हरकत नाही. सिनेमा सांगताना मात्र आपण 'असतो' म्हणतो. कोणी शिकवत नाही, तरी म्हणतो. या वेळचा सिनेमा 'अशी ही बनवाबनवी' होता, तेव्हा त्याचंच घ्या. 'धनंजय माने पुण्यात आहे, दुकानात कामाला आहे' असं लिहिलं की स्थळ सुचवल्यासारखं वाटतं. पुढे पत्रिकाच मागावी. 'धनंजय माने पुण्यात होता, दुकानात कामाला होता' म्हटलं की शोकसभा; दोन मिनिटं उभं राहावं. 'धनंजय माने पुण्यात असतो' म्हटलं की माणूस बरोब्बर पडद्यावर जाऊन बसतो.

इतकं सोपं असताना लोक घसरतात कुठे? दुसऱ्या मजल्यावरच्या कॉलेजकुमाराने आणून दिलेला कागद अजून माझ्याकडे आहे. त्यातला हा मजकूर:

'धनंजय माने सरपोतदारांच्या घरात भाड्याने राहत असतो. त्याच्याकडे शंतनू, सुधीर आणि परशा राहायला येतात. सरपोतदारांनी चौघांना घराबाहेर काढलं. मग ते लीलाबाई काळभोरांकडे जागा मागतात. जागा फक्त जोडप्यांनाच मिळेल, असं लीलाबाई म्हणाल्या. तेव्हा परशा पार्वती होतो आणि सुधीर सुधा झाला.'

शेवटचं वाक्य पुन्हा वाचा. परशा अजून निऱ्यांशी झगडतोय आणि सुधीर केव्हाच पावडर लावून तयार बसलाय! एकाच खोलीत दोन काळ.

अशा वेळी मी सगळा मजकूर वाचतच नाही. मराठीत क्रियापद बिचारं शेवटी उभं असतं, त्यामुळे पूर्णविरामाआधीचा एकेक शब्द तेवढा मोठ्याने म्हणत जातो. असतो, येतात, काढलं, मागतात, म्हणाल्या, झाला. ताल कुठे तुटला ते कानालाच कळतं. (हे लिफ्टजवळ उभं राहून करू नये. शेजाऱ्यांनी माझ्या बायकोकडे चौकशी केली होती.)

आता हे तीन शब्द तिथेच का घसरले, तेही बघण्यासारखं आहे. 'काढलं' घसरलं, कारण घराबाहेर काढणं ही ठोस घटना. राहणं, हिंडणं, प्रेमात पडणं हे सगळं निवांत वर्तमानकाळात चालतं. पण कोणी कोणाला हाकललं, मारलं, पळवलं की सांगणाऱ्याचा आवाज चढतो आणि क्रियापद आपोआप मागे जातं. 'म्हणाल्या'ची कथा वेगळी. संवाद आला की आपण सार सांगायचं सोडून आठवायला लागतो. लीलाबाईंचा सूर कानात असतो, आणि ऐकलेलं बोलणं तर ऐकून झालेलंच असतं. निम्मी घसरण एकट्या 'म्हणाला'ने होते असा माझा अंदाज आहे. 'झाला'चं कारण काय तर 'होतो' हा शब्दच फसवा. 'परशा पार्वती होतो' हा वर्तमानकाळ आणि 'मी घरी होतो' हा भूतकाळ. कुमाराला एकच 'होतो' कसाबसा पेलला, दुसऱ्याला त्याने हाय खाल्ली.

मी तिन्ही शब्दांवर खुणा करून कागद परत दिला. दुसऱ्या दिवशी दुरुस्त प्रत आली. 'सरपोतदारांनी चौघांना घराबाहेर काढतात.'

मराठीत काळ असा एकट्याने बदलत नाही, सगळं बिऱ्हाड घेऊन हलतो. भूतकाळातल्या सरपोतदारांना 'नी' लागतो, वर्तमानकाळात तो काढून ठेवावा लागतो. ज्या कागदावर 'नी' मागे राहिलेला दिसतो, तिथे कोणीतरी घाईघाईने नुसतं क्रियापद बदललंय हे ओळखावं. पुरावा मागे सोडलेला चोरच तो.

त्यात कुमार हुशार. त्याने विचारलं, 'काका, पण लीलाबाईंकडे जातात तेव्हा सरपोतदारांनी काढून झालेलं असतं ना? मग भूतकाळ का नको?' प्रश्न बिनतोड होता आणि उत्तर त्याने स्वतःच देऊन टाकलं होतं: 'काढून झालेलं असतं.' गोष्टीच्या आधी जे घडलं, त्याच्यासाठी मराठीने ही वेगळी सोय केली आहे. नायकाचे वडील वारलेले असतात, जमीन सावकाराने हडपलेली असते, भाऊ जत्रेत हरवलेला असतो. गोष्ट थांबते तिथेच, मागचं तेवढं सांगून होतं. पण ही सोय बेतानेच वापरावी. सलग चार वाक्यं 'लेला असतो'ची आली की वाचणारा पेंगलेला असतो.

कादंबरीच्या साराची तऱ्हा आणखी निराळी. आपल्या बहुतेक कादंबऱ्या मुळातच भूतकाळात लिहिलेल्या. सार लिहिणारा पुस्तक मांडीवर उघडं ठेवून लिहितो आणि मधूनमधून मूळ वाक्यच उतरवून काढतो. सिनेमावाला आठवणीने घसरतो, कादंबरीवाला नकलेने. घसरलेलं वाक्य एकाएकी फार सुंदर असेल, तर ते लेखकाचं आहे हे समजून जावं.

एवढ्याने भागलं असतं, पण आमचे सेक्रेटरी नियमाचे पक्के. 'सगळं वर्तमानकाळात पाहिजे' एवढंच त्यांनी माझ्याकडून ऐकलं आणि फळ्यावरचा वरचा परिच्छेद स्वतः लिहिला: 'हा सिनेमा १९८८ साली प्रदर्शित होतो. सचिन पिळगावकर त्याचं दिग्दर्शन करतात.' मी म्हटलं, 'साहेब, दिग्दर्शन एकदाच झालं. साडी मात्र परशा दर वेळी नव्याने नेसतो, टीव्हीवर लागेल तेव्हा.' त्यांनी मान डोलावली आणि विचारलं, 'मग सचिनही त्यात दर वेळी सुधा होतोच की?' सचिन हाच सुधीर, आणि सुधीर हाच सुधा. सिनेमात नट आणि दिग्दर्शक एकच माणूस असला की व्याकरणाचे असे हाल होतात. शेवटी ठरलं, की सुधा होणारा सचिन वर्तमानकाळात आणि कॅमेऱ्यामागचा भूतकाळात. त्यांनी ते डायरीत टिपून घेतलं.

शेवटचा परिच्छेद तळमजल्यावरच्या काकूंनी लिहायचा ठरला होता. त्यांनी हा सिनेमा नवा असताना थेटरात पाहिलेला. कागद आला तो असा: 'पार्वतीचं डोहाळजेवण होतं. सगळ्या बायका गाणं म्हणत होत्या. आमच्या पुढच्या खुर्चीवरचा माणूस इतका हसला की त्याचा डबा सांडला. आमचे हे नाटकीच म्हणायचे असल्या सिनेमांना, पण त्या दिवशी त्यांच्याही डोळ्यांत पाणी आलं हसून हसून. धाकटा तेव्हा पोटात होता.'

मी पेन उघडलं. पहिल्या दोन वाक्यांना खूण करायला हवी होती, ती सिनेमातली. पुढची तीन थेटरातली, ती भूतकाळातच बरोबर. मी 'होतं'वर रेघ मारून वर 'असतं' लिहिलं. तेवढ्यात काकू मागे येऊन उभ्या राहिल्या.

'काय खोडलंस रे?'

'काकू, डोहाळजेवण 'होतं' नाही, 'असतं' पाहिजे. सिनेमातलं आहे ना.'

'माझंही होतं त्याच आठवड्यात,' काकू म्हणाल्या. 'तू कुठलं खोडतोयस?'