साडेतीन पानी वय

आमचा कारखाना नाशिकहून हलला तेव्हा माझे वय ५५ होते आणि त्यातली ३५ वर्षे सातपूर-अंबडच्या परिसरात वाहनांच्या सुट्या भागांची गुणवत्ता तपासण्यात गेली होती. एखादा भाग नापास का झाला हे मी तो हातात घेताच सांगत असे. पण माझाच बायोडेटा दोन महिन्यांत चोवीस ठिकाणी नापास का झाला, हे मला उमगेना. नापास झालेला भाग निदान परत तरी येतो.

अखेर पुण्यात एचआरमध्ये काम करणाऱ्या पुतणीला ती साडेतीन पाने दाखवली. जन्मतारीख मी आधीच खोडली होती आणि त्या चातुर्यावर खूश होतो.

"काका, वय प्रत्येक पानावर आहे," ती म्हणाली.

ईमेलच्या पत्त्यात १९७० होते. डिप्लोमाखाली १९९० होते. संगणकज्ञानात वर्डस्टार आणि लोटस होते. शेवटी 'वरील माहिती माझ्या समजुतीप्रमाणे सत्य आहे' अशी प्रतिज्ञा, स्थळ नाशिक आणि सहीसाठी ठिपक्यांची रेघ होती. सगळ्यांत ठळक अक्षरांत मात्र 'क्यूएस ९०००' होते. वाहन उद्योगातले गुणवत्तेचे हे मानक २००६ मध्ये संपले. त्याची जागा आयएसओ/टीएस १६९४९ ने घेतली आणि २०१६ मध्ये त्याचेही आयएटीएफ १६९४९ झाले. अर्ज चाळणारी मुलगी २००६ साली बहुधा शाळेत असेल. तिला क्यूएस ९००० हे एखाद्या जुन्या स्कूटरचे मॉडेल वाटले तर दोष तिचा नाही.

खरी नामुष्की पुढेच होती. आमच्या धंद्यात एफएमईए करतात, म्हणजे एखादा भाग कसा बिघडू शकेल याचा आधीच विचार करून ठेवतात. पूर्वी दोषाची तीव्रता, तो घडण्याची शक्यता आणि तो पकडला न जाण्याची शक्यता यांना १ ते १० गुण देऊन गुणाकार करत. त्याला आरपीएन म्हणत. २०१९ च्या नव्या हँडबुकने तो गुणाकार बाजूला ठेवून ॲक्शन प्रायॉरिटी, म्हणजे कोणत्या दोषावर आधी उपाय करायचा ते ठरवण्याची पद्धत, आणली. मी ती शिकलो होतो, तरुण इंजिनिअरांना शिकवलीही होती. बायोडेट्यात मात्र अजून आरपीएनच होता, कारण २००८ नंतर मी त्यात फक्त नवी कंपनी वर चिकटवत आलो होतो. 'या वयात माणूस नवे शिकत नाही' हा लोकांचा समज मी स्वतःच टाइप करून पाठवत होतो.

मग तिने एक चाचणी घेतली. सगळा मजकूर कॉपी करून साध्या नोटपॅडमध्ये टाकला, कारण अर्जांची छाननी करणारी काही सॉफ्टवेअर मजकूर साधारण तसाच उचलतात. दोन रकान्यांचे माझे देखणे कोष्टक कोसळले. पानाच्या हेडरमधला मोबाइल नंबर गायब झाला आणि एक ओळ अशी उमटली: 'सीनियर इंजिनिअर विवाहित २००३ ते २०११.'

मागे उभ्या असलेल्या पत्नीने ती वाचली. "२०११ नंतर काय झालं?" असे तिने शांतपणे विचारले.

त्या रात्री कोष्टक गेले आणि नंबर मजकुरात आला. शेवटची १५ वर्षे सविस्तर राहिली. त्याआधीची वीस, साल न घालता, एका ओळीत बसली. अंबडच्या एका जाहिरातीत 'सप्लायर ऑडिट' हवे होते. मी तेच काम 'व्हेंडर भेटी' म्हणून लिहिले होते, जणू मी फराळालाच जात होतो. जाहिरातीतला शब्द वापरला. पण जे केले नव्हते ते, जाहिरातीत असूनही, लिहिले नाही, कारण मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला ते उघडे पडते. 'गुणवत्तेची धुरा समर्थपणे सांभाळली' याच्या जागी '१४ पुरवठादारांकडील नापास मालाचे प्रमाण दहा लाखांत १,२०० वरून १८० वर' असे आले. धुरेपेक्षा हे बरेच हलके होते.

एवढे करूनही वय पूर्ण लपत नाही. ऑनलाइन फॉर्मने डिप्लोमाचे वर्ष सक्तीने विचारलेच. यादी २०२५ पासून सुरू झाली आणि मी खाली सरकत राहिलो. वाटेत माझ्या लग्नाचे वर्ष गेले, पुतणीच्या जन्माचे गेले, तेव्हा कुठे १९९० आले.

तरीही अंबडहून फोन आला. "तुमच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान साहेब चालेल का?" असे त्या मुलाने विचारले. माझे शेवटचे दोन्ही साहेब चाळिशीच्या आतले होते, तसे मी सांगितले; त्याने गुरुवारी अकराची वेळ दिली.

दोन पानांच्या प्रती छापून आणल्या. पत्नीने चष्मा लावून त्या दोनदा वाचल्या.

"यात लग्न कुठेच नाही."

"पंधरा वर्षांपूर्वीचं सगळं एका ओळीत आणायचं असतं," मी म्हणालो.

"मग ती एक ओळ कुठे आहे?"