पुन्हा तेच: ‘आधार लिंक आहे ना?’

आईचे लाडकी बहीणचे दीड हजार दोन महिने आलेच नाहीत. बँकेत गेलो. काउंटरवरच्या बाईंनी स्क्रीनवर बघितलं न बघितलं आणि म्हणाल्या, “आधार लिंक आहे की!” अहो, आहे ना! पण ते खात्याला आहे, केवायसीपुरतं. अनुदान आधारवरून येतं तेव्हा खाते क्रमांक कोणी बघत नाही. एनपीसीआय या पेमेंट संस्थेच्या मॅपरमध्ये, म्हणजे कुठला आधार कुठल्या बँकेला जोडलाय त्या यादीत, त्या आधारपुढे ज्या बँकेचं नाव असेल, तिकडे पैसे जातात. आणि तिथे एका आधारला एकच बँक. शेवटी ज्या बँकेने सीडिंग केलं, म्हणजे त्या यादीत स्वतःचं नाव चढवलं, ती.

हे मला तरी कुठे ठाऊक होतं? घरी येऊन मायआधारच्या साइटवर ओटीपी टाकून ‘बँक सीडिंग स्टेटस’ उघडलं. स्टेटस ‘ॲक्टिव्ह’, बँक मात्र भलतीच! मग आठवलं, मोबाइलच्या दुकानात सिम घेताना पोराने आईचा अंगठा दोनदा घेतला होता. त्यात एक खातंही उघडलं गेलं. तीन हजार रुपये तिथे निवांत पडले होते, आणि आम्ही इथे पासबुकावर एंट्री मारत बसलोय!

आता परत बँकेत. या वेळी ‘लिंक करा’ म्हटलंच नाही. म्हटलं, डीबीटीसाठी, म्हणजे अनुदान थेट खात्यात यावं म्हणून, सीडिंगचा संमतीपत्राचा फॉर्म द्या, जुनी बँक म्हणून त्या भलत्या बँकेचं नाव टाकून. बाई म्हणाल्या, “मग आधी तसं सांगायचं ना!”