बहिणीचा वाटा आणि तो फिरता मेसेज

"वडील २००५ च्या आधी वारले असतील तर बहिणीला वडिलोपार्जित जमिनीत काही मिळत नाही. लग्नात हुंडा, सोनं दिलं तोच तिचा वाटा. सातबाऱ्यावर नाव नसेल तर हक्क नाही. नोटरीकडे सही घेतली की विषय मिटला. सर्व भावांना पाठवा."

पहिल्याच वाक्यात घोळ आहे. मुलीला मुलाइतकाच हक्क देणारी हिंदू वारसा कायद्यातली दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झाली, हे बरोबर. पण त्या दिवशी वडील हयात असायलाच हवेत, हा समज सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा खटल्यात खोडून काढला. मुलीचा हक्क जन्माने येतो. ९ सप्टेंबर २००५ ला ती स्वतः हयात असली की पुरे.

फरक किती पडतो ते पाहा. आठ एकर वडिलोपार्जित जमीन, वडील २००१ मध्ये वारले, मागे आई, दोन भाऊ आणि एक बहीण. जुन्या हिशोबात आधी वडील, आई आणि दोन मुलगे असे चार वाटे पडायचे आणि वडिलांच्या दोन एकरांतला चौथा भाग बहिणीला, म्हणजे २० गुंठे. आता तीही मुलांबरोबर वाटेकरी, म्हणून आधी पाच वाटे. वडिलांचा पाचवा वाटा पुन्हा चौघांत जातो आणि प्रत्येकाच्या हाती दोन एकर येतात. जुन्या हिशोबातही बहिणीला शून्य नव्हतं, हे मेसेजवाल्याला ठाऊक नसावं.

अपवाद आहेत. २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत दस्ताने किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्याने वाटप झालं असेल, किंवा जमीन विकली गेली असेल, तर ते उकरता येत नाही. "आमचं तेव्हाच तोंडी ठरलं होतं" एवढ्याने मात्र सहसा भागत नाही. आणि वडिलांनी स्वतः कमावलेली मालमत्ता ते मृत्युपत्राने कुणालाही देऊ शकतात.

हुंड्याची वजावट कायद्यात कुठेच नाही. उलट हुंडा देणं १९६१ पासून गुन्हा आहे, तेव्हा भाऊ कोर्टात हे कसं मांडणार, कोण जाणे.

सातबाऱ्याचं पाणी जरा खोल आहे. वडील गेल्यावर भाऊ तलाठ्याकडे वारस नोंदीला अर्ज करतात, वारसांच्या यादीत बहिणींची नावंच घालत नाहीत आणि फेरफार मंजूर होतो. पण फेरफार ही महसुलाची नोंद आहे, तिने मालकी जन्मतही नाही आणि मरतही नाही. वीस वर्षांनी जमीन विकायला काढली की खरेदीदाराचा वकील जुने फेरफार काढतो आणि विचारतो, "बहिणी किती?" बहुतेक भांडणं तिथेच पेटतात.

राहिली नोटरी. जमिनीवरचा हक्क सोडायचा तर हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावं लागतं, नोटरीचा शिक्का तिथे चालत नाही. बहिणीला खरोखर सोडायचा असेल तर तिने तिथे जाऊन सही करावी, आणि त्याआधी ते दोन एकर आहेत की २० गुंठे, हे तिला कुणीतरी सांगावं.